जाहिरातीची माळ

आशाबाईचे हात साडेनऊ हजार माणसांच्या ओळखीचे होते, पण तिचं तोंड त्यातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं. अटच होती तिची तशी. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती बिडकीन गावाहून शहरात, लेकाकडं पुंडलिकनगरला आली. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर रिकामं बसवेना म्हणून तिनं येसर भाजायला घेतला. येसर म्हणजे गहू, बाजरी, डाळ आणि मसाले काळसर भाजून दळलेलं पीठ, ज्याच्याशिवाय आपल्याकडं लग्नातली आमटी होत नाही. सुनेनं, तनुजानं, ते सगळं मोबाइलात टिपलं. आशाबाई म्हणाली, हात घे बाई, तोंड घेऊ नको, या वयात माझी शोभा नको. मग हातच घेतले. हिरव्या बांगड्यांचे, मनगटाशी गोंदलेले, कढईत उलथनं फिरवताना जराही घाई न करणारे हात. यूट्यूबवर चॅनल काढलं, त्याला नाव दिलं, ‘आशाबाईचं जेवण’.

लोकांना वाटतं मोबाइल लावला की पैशाचा नळ सुटतो. डोंबलाचा सुटतो! पहिल्या सहा महिन्यांत त्र्याऐंशी माणसं जमली, त्यातली निम्मी भावकीतली. जाहिराती लावून घ्यायच्या तर हजार माणसं लागतात, आणि वर्षभरात लोकांनी मिळून चार हजार तास बघितलेलं लागतं. हजार माणसं चौदा महिन्यांनी झाली, तास भरायला सतरावा महिना उजाडला. अर्ज केला, तपासणीत तीन आठवडे गेले. दहा डॉलर जमल्यावर घरचा पत्ता खरा आहे का हे बघायला एक आकडा छापलेलं पाकीट टपालानं आलं. ते विश्वजीतनं, म्हणजे आशाबाईच्या लेकानं, बँकेची जाहिरात समजून दुधाच्या पातेल्याखाली ठेवलं. तनुजानं ते ओलं पाकीट पंख्याखाली वाळवलं आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

शंभर डॉलर झाल्याशिवाय बँकेत छदाम येत नाही, हा पुढचा नियम. हजार वेळा व्हिडिओ बघितला गेला की चाळीस-पंचेचाळीस रुपये, महिन्याला साठेक हजार वेळा बघितलं जायचं, म्हणजे अडीच हजाराच्या आसपास. तेही नुसते पडद्यावर दिसायचे. येसराची पाकिटं विकून मात्र रोख दोन हजार सुटायचे. त्यासाठी तनुजानं अन्न खात्याकडं नोंदणी केली होती, पाकिटावर वजन, तारीख, नंबर सगळं छापलं होतं. कुरिअरवाला मधल्या मधे बराच नफा खायचा. ऑगस्ट संपता संपता पडद्यावरचे शंभर डॉलर एकदाचे भरले. सप्टेंबरच्या एकवीस ते सव्वीस तारखेच्या आत ते बँकेत पडायचे होते. बावीस महिन्यांतली जाहिरातीची पहिली कमाई.

आणि दिवाळी तोंडावर आली होती. तनुजा आधी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होती, नऊ हजार पगार. ते सोडताना तिनं नवऱ्याला शब्द दिला होता की दुसऱ्या दिवाळीपर्यंत चॅनल महिन्याला नऊ हजार देईल, नाही दिले तर मी परत काउंटरवर. विश्वजीत वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर, घर भाड्याचं, त्याचंही काही चुकत नव्हतं. लॅबच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की घटस्थापनेपर्यंत कळव, जागा आहे. जाहिराती आणि पाकिटं मिळून साडेचार हजार होत होते, साडेचार हजार कमी. आशाबाईला हे आकडे तोंडपाठ होते, कारण तनुजा काउंटरवर गेली की चॅनल बंद, आणि चॅनल बंद की आशाबाई परत गावी, काकासाहेबांच्या ताटात वाढायला. काकासाहेब तिचा नवरा, वाईट माणूस नव्हे, पण चाळीस वर्षं टीव्हीकडं बघत जेवला. मीठ बरोबर आहे एवढं सुद्धा कधी म्हणाला नाही. आणि इथं नांदेडच्या कुणा बाईनं लिहिलं होतं, तुमचे हात बघितले की माझी गेलेली आई दिसते. आशाबाईनं तनुजाकडून ते सातदा वाचून घेतलं होतं.

महालक्ष्म्यांना ती बिडकीनला गेली तेव्हा हे सगळं डोक्यात घेऊनच गेली. थोरल्या जावेच्या, गोजरबाईच्या घरी महालक्ष्म्या बसतात. हळदीकुंकवाला चाळीसेक बाया जमल्या. जमिनी कंपन्यांच्या वसाहतीत गेल्यापासून भावकीत प्रत्येकीच्या हातात बऱ्यापैकी मोबाइल होता, आणि बहुतेक जणींनी आशाबाईचे व्हिडिओ पाहिले होते. कौतुक झालं. मग गोजरबाईची नातसून मोनिका, जिला मोबाइलातलं सगळं कळतं असं सगळ्या धरून चालल्या होत्या, ती म्हणाली की व्हिडिओच्या आधी जाहिरात येते ना, ती नुसती बघून पैसा थोडा मिळतो, तिच्यावर बोट दाबून आत गेलं की जास्त मिळतो.

एवढं खरंच होतं. अर्धवट खरं फार वाईट. आशाबाईच्या डोक्यात दिवा पेटला, आणि त्या उजेडात तिला फक्त साडेचार हजार दिसले.

निघताना बाया रीतीप्रमाणं आहेर काढायला लागल्या. कुणी खण, कुणी ब्लाऊजपीस, कुणी एकवीस रुपयांचं पाकीट. आशाबाईनं सगळ्यांचे हात धरले. तिनं सांगितलं की या वर्षी मला कापड नको. द्यायचंच असेल तर रोज माझा व्हिडिओ उघडा आणि जाहिरात दाबा, तोच माझा आहेर. पण तनुजाला कळू देऊ नका, दिवाळीला तिला चकित करायचंय. बायांना हे भलतंच आवडलं. खर्च शून्य, आणि सुनेच्या संसाराला हातभार. गोजरबाई चौऱ्याहत्तरीची, तिला आकडे मोजता येईनात, तर तिनं देव्हाऱ्यातली जपाची माळ काढली. एक जाहिरात, एक मणी.

"आशे, रोज एक माळ तुझ्या नावानं," ती म्हणाली. "एकशे आठ. चुकायची नाय."

आशाबाईच्या डोळ्यात पाणी आलं.

पुढच्या आठवड्यात तनुजाच्या पडद्यावरचा आकडा हलला. रोज एक डॉलर यायचा तिथं तीन आले, मग पाच, एक दिवस सव्वासहा. तनुजा मोबाइल घेऊन घरभर फिरत होती. काय झालं असेल, कुठला व्हिडिओ चालला असेल, ती स्वतःशीच बोलायची, आणि आशाबाई पोळ्या लाटत तोंड फिरवून हसायची. आकडा असाच राहिला तर महिन्याला बारा हजार नुसत्या जाहिरातीचे होतात, असं तनुजानं विश्वजीतला ऐकवलं. विश्वजीतनं कधी नव्हे ते श्रीखंड आणलं. त्यातच एका तेलाच्या कंपनीचा फोन आला. दिवाळीच्या फराळाचा एक व्हिडिओ त्यांच्या तेलात तळून करायचा, व्हिडिओत पैसे घेऊन केलेला प्रचार आहे असं सरळ लिहायचं, आणि त्याचे अठरा हजार. फक्त मागच्या अठ्ठावीस दिवसांचे चॅनलचे आकडे पाठवा म्हणाले, किती लोक आले, किती वेळ थांबले.

त्या आनंदात, घटस्थापनेला चार दिवस असताना, तनुजानं लॅबच्या मॅडमना फोन करून नाही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बरं, मग मी दुसरी घेते. आशाबाईनं शेजारी बसून ते ऐकलं, आणि तिची छाती अभिमानानं भरून आली. भोगायचं होतं तिला ते.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाई येसराची बाजरी भाजत होती. कॅमेरा लावलेला होता, पण चालू नव्हता. तनुजा ओट्याला टेकून मोबाइल बघत होती, पैसे बँकेत पडले का ते. तिला एक मेल आलेला दिसला. तिनं तो वाचला, परत वाचला, आणि खाली फरशीवर बसली.

आशाबाईनं विचारलं काय झालं.  तनुजानं तो इंग्रजी मेल मराठी करून सांगितला. आपल्या जाहिरातींवर खोटी दाबादाबी झालीय. खऱ्या गिऱ्हाइकानं दाबलेलं नाही, कुणीतरी मुद्दाम, परत परत, आपल्या फायद्यासाठी दाबतंय. जाहिरात देणाऱ्याचा पैसा त्यात फुकट जातो. म्हणून तीस दिवस आपल्या कमाईच्या जाहिराती बंद, यूट्यूब स्वतःच्या लावेल तेवढ्याच, शंभर डॉलर तूर्त अडकवले, आणि खोट्या दाबण्याचे सगळे कापून ज्याचे त्याला परत. पुन्हा असं झालं तर खातं कायमचं बंद.

"घरच्यांनी, ओळखीच्यांनी दाबलं तरी तेच धरतात, आई," तनुजा म्हणाली. "पण आपण तर कुणाला सांगितलं नाही. कुणी केलं असेल हे?"

आशाबाईचा हात कढईवर थांबला.   आहेर, आहेर, एवढंच डोक्यात फिरत होतं. दोन वर्षांत जिच्या हातून दाणा जळला नव्हता, तिच्या कढईतली बाजरी धुरानं काळी ठिक्कर झाली, आणि तनुजानं उठून गॅस बंद केला तेव्हा तिला वाटलं की सासूला आपल्याइतकाच धक्का बसलाय. तिनं सासूला पाणी दिलं. आशाबाईनं तो पेला तसाच ओट्यावर ठेवला.

बोलायची वेळ तीच होती.  पण लॅबची जागा गेली ती माझ्यामुळं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं ठरवलं, आधी गुपचूप बायांना थांबवू, मग बघू.

दुपारी गच्चीत जाऊन तिनं गोजरबाईला फोन लावला. आक्का, आता ते जाहिरातीचं बंद करा, पुरे झालं, असं तिनं सांगितलं. गोजरबाई हसली. तिला वाटलं, आहेर घेताना बाई जशी नको नको म्हणते तशी ही म्हणतेय. आहेराला नको म्हणायचं आणि देणारीनं तो पदरात कोंबायचा, हे तर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, नको म्हटल्यावर कुणी पाकीट परत खिशात घालतं का? आशाबाईनं पुन्हा सांगितलं, शपथ घातली. तेवढी गोजरबाई जास्तच इरेला पेटली. कारण सांगायचं म्हटलं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते तनुजाच्या आधी बिडकीनला कळलं असतं. म्हणून आशाबाई नुसतं नको नको म्हणत राहिली.

"लाजू नको, आशे," गोजरबाई म्हणाली. "पित्रं झाली, आता देवीचे दिवस हायेत. उद्यापून दोन माळा करते."

आशाबाईनं मग मोनिकाला फोन केला. मोनिकानं बायांच्या ग्रुपवर टाकलं की आशाकाकू नको म्हणतात. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि सगळ्याजणी दुप्पट जोमानं दाबायला लागल्या. आशाबाई गच्चीतल्या टाकीला टेकून बसली. स्वतःच्या हातानं सुरू केलेली गोष्ट स्वतःला थांबवता येत नव्हती, आणि ती थांबली नाही तर तीस दिवसांनी खातं कायमचं जाणार होतं. 

तेलाच्या कंपनीला आकडे पाठवायचेच होते. तनुजा खोटं पाठवणारी नव्हती. तिनं ते उघडले आणि दुसरा धक्का बसला. आधी माणूस सरासरी चार मिनिटं व्हिडिओत थांबायचा, आता पंचेचाळीस सेकंद. लोक येत होते, जाहिरात दाबून निघून जात होते. त्यामुळं यूट्यूबनंही व्हिडिओ नव्या लोकांपुढं ठेवणं कमी केलं होतं, नांदेड-लातूरचे नेहमीचे बघणारे आटले होते. येणारे बहुतेक व्हॉट्सअॅपच्या लिंकवरून येत होते. कंपनीच्या माणसानं गोड आवाजात सांगितलं की या वेळी राहू द्या, पुढं कधीतरी बघू. अठरा हजारही गेले.

व्हॉट्सअॅप म्हटल्यावर तनुजाच्या डोळ्यापुढं खालच्या मजल्यावरची मेघा आली. मेघाचं रांगोळीचं चॅनल होतं, आणि दोघींत थोडी चुरस होती. मेघानंच मुद्दाम आपल्या ग्रुपांवर लिंक फिरवून दाबायला लावलं असणार, दुसऱ्याचं खातं बंद पाडायला लोक असं करतात म्हणे. तनुजा पायात चप्पल न घालता खाली गेली. आशाबाई जिन्यात उभी राहून ऐकत होती. तनुजा जे बोलली ते तनुजा कधी बोलत नाही. मेघानं आधी हसून उत्तर दिलं, मग तिचा आवाज चिरका झाला, मग ती रडायला लागली. माझ्या लेकरांची शपथ, मी नाही केलं, असं ती म्हणत होती.

लेकरांची शपथ ऐकली आणि आशाबाईला राहवेना. गुडघ्यावर हात देत देत ती खाली उतरली आणि दोघींच्या मधे उभी राहिली.

"तिला काय बोलू नको," आशाबाई म्हणाली. "म्या केलं. म्या सांगितलं भावकीतल्या बायांला. आहेर म्हणून."

तनुजाला आधी कळलंच नाही. सासू मेघाला वाचवायला खोटं बोलतेय असं वाटून ती म्हणाली, आई, तुम्ही वर जा. मग आशाबाईनं जिन्यातच सगळं सांगितलं. महालक्ष्म्या, मोनिका, चाळीस बाया, गोजरबाईची माळ. एकशे आठ आकडा ऐकून मेघानं तोंडावर हात ठेवला.  तनुजानं मेघाचे दोन्ही हात धरून माफी मागितली, वर गेली आणि आतून दार लावून घेतलं.

दोन दिवस ती आशाबाईशी बोलली नाही. जेवण वाढलं की जेवायची, ताट उचलायची. विश्वजीत आईवर चिडला नाही, तेच आशाबाईला जास्त लागलं. त्यानं फक्त एवढं विचारलं की लॅबला नाही सांगायच्या आधी तरी का नाही बोललीस.  आशाबाई म्हणाली, मला वाटलं पैसे येत्यात. तिनं पिशवी भरायला घेतली, गावी जाते म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी तनुजानं कॅमेऱ्याचा स्टँड ओट्यापुढं लावला. पिशवीकडं तिनं बघितलं सुद्धा नाही.

"मोठ्या आई अजून माळ ओढत असतील," ती म्हणाली. "फोननं थांबणार नाहीत त्या. तुम्ही इथं बोला. सगळ्यांसमोर."

आशाबाईनं हात ओट्यावर ठेवले, सवयीनं. कॅमेरा मात्र वर उचललेला होता, तोंडाच्या उंचीला. दोन वर्षांची अट मोडायची होती.  मग तिनं पदर नीट घेतला आणि बोलली. चुकलं कुणाचं ते सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. बायांनी प्रेमानं केलं, पण त्या प्रेमानं माझ्या सुनेचे दोन वर्षांचे कष्ट मातीत घातले, असं सांगितलं. जाहिरात आली तर येऊ द्या, बघायची तर बघा, काही घ्यायचं असेल तरच आत जा, माझ्यासाठी बोट लावू नका. आणि हे मी आहेराला नको म्हणते तसलं नको नव्हे, हे खरं नको आहे. मला द्यायचंच असेल तर व्हिडिओ शेवटपर्यंत बघा आणि घरी आमटी करा. एवढं बोलून तिला पुढं काही सुचेना, म्हणून तिनं गॅस पेटवला आणि तशीच येसर भाजायला लागली. तनुजानं कॅमेरा बंद केला नाही. बोलणं आणि भाजणं मिळून चौदा मिनिटं झाली.

त्या व्हिडिओला जाहिरातीचा एक पैसा मिळाला नाही, मिळणारच नव्हता. पण माणसं सरासरी नऊ मिनिटं थांबली. असं चॅनलवर कधीच झालं नव्हतं. तनुजानं आशाबाईला तो आकडा दाखवला आणि एवढंच म्हणाली की बिडकीनची लिंकवरची दाबादाबी थांबलीय. मोनिकाचा रडत फोन आला. गोजरबाईचा आला नाही. आशाबाईनं चारदा लावला, तो बंदच लागला.

दिवाळीला येसर आणि चकलीची भाजणी मिळून कुरिअर वजा जाता सहा हजार दोनशे सुटले. मेघानं तिच्या रांगोळीच्या बायांत पस्तीस पाकिटं खपवली, म्हणून एवढे तरी. पण नऊ हजार झाले नव्हते. तनुजा दिल्या शब्दाची पक्की. जुनी लॅब हातची गेली होती, तर तिनं लांबच्या एका लॅबमध्ये दुपारची अर्ध्या दिवसाची जागा धरली, साडेपाच हजारावर. जाऊन-येऊन दीड तास. व्हिडिओ आठवड्याला तीन व्हायचे ते आता एक, रविवारचा. विश्वजीतनं विचारलं, मग आईनं जायचं का गावाकडं? तनुजा म्हणाली, आई गेल्यावर रविवारी मी कुणाचे हात घेऊ? आशाबाई मोरीत जाऊन रडली.

भाऊबिजेला गोजरबाई आली. सिडकोतल्या भावाला ओवाळायला आले म्हणाली, पण ती भावाकडं न जाता बस स्टँडवरून रिक्षा करून आधी इथंच आली होती. चहा नको म्हणाली. बसली सुद्धा नाही. पिशवीतून तिनं एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि तनुजाच्या हातात दिली. आत तिचा मोबाइल होता. नातवानं घेऊन दिलेला, काचेवर अजून प्लॅस्टिक असलेला.

"हा ठेव तुझ्यापाशी," गोजरबाई म्हणाली. "मोनिकानं समदं सांगितलं मला. बोटाला सवय लागलीया. देवाचं नाव घ्यायला माळ धरली तरी अंगठा दाबाया जातो. माझ्या हातून तुझं परत वाटोळं नको व्हायला."

 महिनाभर ती बाई फोन बंद करून, फडक्यात बांधून बसली होती. नातवाचा आवाज नाही, नांदणाऱ्या लेकीचा नाही, काही नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं अशी स्वतःला शिक्षा करून घ्यावी, आणि ती आपल्या एका बोलण्यापायी. आशाबाईला जावेच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती जागची हलू शकली नाही.

 महिन्याभरात आशाबाईनं तनुजाच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं, ते आत्ता पाहिलं. तिनं गोजरबाईला धरून पलंगावर बसवलं, फोन चालू केला आणि चॅनल उघडलं. काल तीस दिवस संपले होते, आपल्या कमाईच्या जाहिराती परत लागल्या होत्या. अडकलेल्यातले खरे किती, खोटे किती, ते कापून पुढच्या महिन्यात कळणार होतं. तिनं आशाबाईचा तोंड दाखवलेला व्हिडिओ लावला.

व्हिडिओच्या आधी जाहिरात आली, कुठल्याशा गादीची. गोजरबाईचा अंगठा आपोआप उठला. तनुजानं तो तिच्या हातासकट स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर ठेवला. गोजरबाई घाबरून तिच्याकडं बघायला लागली.

"राहू द्या, मोठ्या आई," तनुजा म्हणाली. "आपोआप संपते ती."

जाहिरात संपली. पडद्यावर आशाबाई पदर सावरून बोलायला लागली. गोजरबाईनं आजवर जावेचा एकही व्हिडिओ जाहिरातीच्या पुढं पाहिला नव्हता, हे आशाबाईला तेव्हा कळलं, कारण म्हातारी एकदम म्हणाली, अगं, जाहिरातीच्या मागं आशी हाय व्हय. चौदा मिनिटं ती हलली नाही. आणि तनुजानं शेवटपर्यंत तिचा हात सोडला नाही.